बादली, पाणी आणि तळाचा हिसका

पाण्याची बादली हातात धरून उभी गोल फिरवली, तर ती डोक्यावर उलटी असताना पाणी खाली का पडत नाही? हा प्रश्न शाळेत असताना प्रत्येकाला कुणी ना कुणी विचारलेला असतो. आणि आपण सगळ्यांनी त्याचं एकच उत्तर दिलेलं असतं: "अपकेंद्री बलामुळे!" बास. विषय संपला, पुढचा प्रश्न.

उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. पण त्या उत्तरानं हातात काहीच पडत नाही. बादली किती जोरात फिरवायची? किती पाणी भरायचं? कडी तुटेल का? यातलं एकही उत्तर त्या शब्दातून निघत नाही. आणि मला नेमकी हीच उत्तरं हवी होती. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांनी छोटे छोटे प्रयोग करून दाखवायचे असा कार्यक्रम ठरला होता, आणि बारावीतल्या माझ्या भाचीनं यादीत आपल्या नावापुढे 'बादली' लिहून टाकलं होतं. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात उभ्या वर्तुळातली गती आहे, त्यामुळे बाईंचा आत्मविश्वास अगदी उतू जात होता :)

सोसायटीच्या काकांना काळजी एकाच गोष्टीची. "पाणी साउंड सिस्टिमवर सांडलं तर?" म्हणजे सगळ्यांचं लक्ष बादली वर असतानाच्या क्षणाकडे. तीन-चार संध्याकाळी गच्चीवर घालवल्यावर माझं मत असं झालंय की वरच्या क्षणाची भीती वाटते, पण खरा धोका खालच्या क्षणी असतो. कसा ते सांगतो.

आधी वरचा क्षण बघू.

मंडळी, पाणी पडत नाही हे मुळात खरंच नाही. पाणी पडतं! अगदी इतर कुठल्याही वस्तूसारखं पडतं. फरक एवढाच की बादलीही त्याच वेळी खाली येत असते.

बादली अगदी वर आहे असं समजा. तिथे ती आडवी चालली आहे, समजा सेकंदाला ४ मीटर या वेगानं. वर्तुळाची त्रिज्या धरू १ मीटर. आता पुढच्या दशांश सेकंदात काय होतं ते बघा. या वेळात बादली आडवी साधारण ४० सेंटीमीटर पुढे जाते. पण ती वर्तुळावर बांधलेली आहे, त्यामुळे तेवढ्यात ती खालीही उतरते, साधारण ८ सेंटीमीटर. आणि पाणी? बादली नसती, नुसतं पाणीच त्या वेगानं हवेत सोडलं असतं, तर तेही ४० सेंटीमीटर पुढे गेलं असतं आणि दशांश सेकंदात जेमतेम ५ सेंटीमीटर पडलं असतं. म्हणजे बादली ८ सेंटीमीटर खाली आली आणि पाणी स्वतःहून फक्त ५ येऊ बघतंय. मग बादलीचा तळ, जो आता वरच्या बाजूला आहे, पाण्याला वरून खाली ढकलत नेतो. पाणी तळाला चिकटून राहतं ते याच कारणानं. तळ त्याला पळून जाऊच देत नाही.

आता हेच २ मीटर वेगानं करून बघा. बादली दशांश सेकंदात २० सेंटीमीटर पुढे आणि फक्त २ सेंटीमीटर खाली. पाणी मात्र नेहमीप्रमाणे ५ सेंटीमीटर पडणार. पाणी बादलीपेक्षा जास्त पडलं, म्हणजे बादलीतून बाहेर आलं. झाली अंघोळ!

या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असा वेग असतो की बादली आणि पाणी बरोबर सारखंच पडतात. तोच किमान वेग. सूत्र साधं आहे:

```
v² = g r
```

त्रिज्या १ मीटर असेल तर हा वेग येतो सेकंदाला ३.१३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. आरामात सायकल चालवतो तेवढा. बादली सबंध फेरीत याच वेगानं फिरत राहिली तर एका फेरीला २ सेकंद लागतात. हे आकडे लोकांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. सगळ्यांना वाटतं पंख्यासारखी गरगर फिरवावी लागेल.

सूत्रात पाण्याचं वजन कुठेच नाही, हे लक्षात आलं का? एक लिटर असो की दहा, वेग तोच. भाचीनंही हेच मला ठणकावून सांगितलं, "मामा, मास कॅन्सल होतो." बरोबर आहे. पण इथे एक गंमत आहे. वजन कटतं, पाण्याची पातळी कटत नाही.

सूत्रातली त्रिज्या कुठपर्यंत मोजायची? खांद्यापासून बादलीच्या तळापर्यंत? पाण्याच्या मध्यापर्यंत? पुस्तकात बादली म्हणजे एक ठिपका असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. आमच्या बादलीत मात्र पाणी १० सेंटीमीटर खोल होतं. हात सरळ ठेवून, छोटी दोरी धरून फिरवलं तर खांद्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत १ मीटर, आणि तळापर्यंत १.१० मीटर. सगळं पाणी एकाच वेळात एक फेरी पुरी करतं, त्यामुळे तळाजवळचं पाणी जास्त वेगानं जातं आणि पृष्ठभागाजवळचं कमी. म्हणजे साथ सोडणार ते आधी पृष्ठभागाजवळचं पाणी. तळाजवळचं अजून नीट दाबलेलं असतानाही वरचा थर सुटू शकतो. म्हणून किमान वेगाच्या हिशोबात त्रिज्या पृष्ठभागापर्यंतच धरायची.

आता बादली काठोकाठ भरली तर पृष्ठभाग खांद्याच्या जवळ येतो, त्रिज्या कमी होते, आणि फेरी अधिक झटपट पुरी करावी लागते. पाणी १० ऐवजी २० सेंटीमीटर खोल भरलं, तर २ सेकंदांची सूट १.९ सेकंदांवर येते. फरक थोडाच आहे, पण जास्त पाणी भरलेली बादली आधी सांडते हा सगळ्यांचा अनुभव यामुळे खरा ठरतो. वजन त्याला कारण नाही, पातळी आहे.

इथपर्यंत वरच्या क्षणाचं झालं. काकांच्या साउंड सिस्टिमपुरतं एवढं पुरेसं होतं. दीड सेकंदाच्या आत एक फेरी मारा, पाणी सांडत नाही.

पण मग भाचीनं बादली आणली. गुलाबी रंगाची, प्लास्टिकची, समुद्रावर वाळूचे किल्ले करायला मुलं नेतात त्यातली जरा मोठी. प्लास्टिकचीच कडी, दोन्ही टोकं बादलीच्या भोकांत नुसती दाबून बसवलेली. म्हणाली, "मामा, ही बघ, तीन किलो आरामात उचलते." आणि खरंच उचलत होती.

तीन किलो बादली स्थिर असताना. फिरताना किती?

सोयीसाठी एक ठरवू. ३ किलोची वस्तू नुसती धरून ठेवताना हाताला जी ओढ लागते, तिला आपण ३ किलोची ओढ म्हणू. न्यूटन वगैरेच्या भानगडीत नको पडायला. आमचं पाणी अडीच लिटर आणि बादली अर्धा किलोची, एकूण ३ किलो.

बादली वर्तुळात वळवायला मध्याच्या दिशेनं ओढ लागते. वर असताना मध्य खालच्या दिशेला असतो आणि गुरुत्वाकर्षणही खालीच ओढतं. म्हणजे गुरुत्वाकर्षण आपल्याला फुकटात मदत करतं. किमान वेगाला तर सगळी ओढ तेच पुरवतं आणि दोरीला काही करावंच लागत नाही. ताण शून्य. खाली असताना उलट. मध्य वरच्या दिशेला आणि गुरुत्वाकर्षण खाली. दोरीनं बादली वळवायचीही आणि तिचं वजनही तोलायचं. दुहेरी काम.

आता समजा हाताच्या कौशल्यानं आपण बादलीचा वेग सगळीकडे अगदी सारखा ठेवला, किमान वेगाइतकाच. मग वळवायला लागणारी ओढ सगळीकडे एका वजनाइतकी. वर ताण शून्य, खाली ताण वळवायचा एक आणि तोलायचा एक, म्हणजे वजनाच्या दुप्पट. ३ किलोच्या बादलीसाठी ६ किलो. ठीक आहे, फार नाही.

पण कुणी बादली अशी सारख्या वेगानं फिरवतं का? बादली वरून खाली येते तेव्हा ती पडत असते, तिचा वेग वाढणारच. हातानं मध्ये काहीच केलं नाही, नुसती दोरी धरून ठेवली, तर काय होतं? वरून खालपर्यंतची उंची त्रिज्येच्या दुप्पट. तेवढं उतरताना वेगाचा वर्ग `4gr` नं वाढतो. वर तो किमान `gr` होता, खाली `5gr` होतो. म्हणजे वळवायला लागणारी ओढ पाच वजनांइतकी. त्यात तोलायचं एक वजन मिळवा. सहा!

वजनाच्या सहापट. आणि यात त्रिज्या कुठेच उरली नाही, तीही कटली. दोरी अर्ध्या मीटरची घ्या नाहीतर पाच मीटरची, वर जेमतेम पाणी न सांडण्याइतका वेग ठेवला आणि बादलीला तिच्या मनानं येऊ दिलं, तर तळाशी ताण सहापट. वर थोडा जास्त वेग ठेवला तर खाली आणखी जास्त. वरच्या आणि खालच्या ताणातला फरक मात्र नेहमी सहा वजनांचाच राहतो. सारख्या वेगाच्या बाबतीत तोच फरक दोन वजनांचा असतो.

तर आमची ३ किलोची बादली तळाशी १८ किलोची होणार. म्हणजे बाथरूममधली मोठी बादली जवळजवळ भरून उचलावी तशी ओढ, आणि ती पडणार गुलाबी खेळण्यातल्या दोन भोकांवर. एकदा नाही, प्रत्येक फेरीत.

आता खरी माणसं या दोन टोकांच्या मध्ये कुठे असतात? दोन की सहा? हे मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून एका संध्याकाळी स्टीलची बादली घेतली (गुलाबी नाही!), गच्चीवर भाचीला तिच्या नेहमीच्या पद्धतीनं फिरवायला सांगितलं, आणि फोन बाजूला स्टुलावर उभा करून सेकंदाला ६० फ्रेमनं व्हिडिओ घेतला. फोन बरोबर बाजूला आणि खांद्याच्या उंचीला हवा, नाहीतर वर्तुळ चपटं दिसतं आणि कोन चुकतात.

मग लॅपटॉपवर एक एक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. वरच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना ३०-३० अंश, म्हणजे एकूण ६० अंश जायला किती फ्रेम लागल्या, आणि तळाशी तेवढेच ६० अंश जायला किती. पाच फेऱ्यांची सरासरी घेतली, कारण तळाशी बादली इतकी पटकन जाते की एका फ्रेमची चूक म्हणजे वेगात दहा टक्के आणि ताणात वीस टक्क्यांची चूक. वर १६ फ्रेम आल्या, खाली १०. पूर्ण फेरी ७८ फ्रेमची, म्हणजे १.३ सेकंद.

सवयीनं चार ओळी खरडल्या. ताणासाठी त्रिज्या पाण्याच्या मध्यापर्यंत धरली, १.०५ मीटर, कारण इथे सगळ्या वजनाचा प्रश्न आहे, फक्त वरच्या थराचा नाही:

```python
from math import pi
g, R, m, fps = 9.8, 1.05, 3.0, 60
for where, frames, sign in [("top", 16, -1), ("bottom", 10, 1)]:
    w = (pi / 3) / (frames / fps)
    print(where, round(m * (w*w*R/g + sign), 1))
```

उत्तर आलं `top 2.0` आणि `bottom 15.7`. वर २ किलोची ओढ, खाली जवळजवळ १६ किलोची. फरक १३.७ किलो, म्हणजे साधारण साडेचार वजनं. दोन आणि सहाच्या मध्ये, पण सहाच्या बाजूला झुकलेला. यावरून हात काय करतो तेही कळतं. बादली खाली येताना हात तिला थोडी मागे धरतो आणि वर जाताना थोडी ओढतो, त्यामुळे वेग पूर्ण सहापटीच्या हिशोबानं वाढत नाही. पण तो सारखाही राहत नाही. भाचीला विचारलं, "खाली जड लागते का गं?" तर म्हणे, "मामा, खांदा निखळतोय असं वाटतं, पण छान वाटतं." तिचा खांदा आणि माझी चार ओळींची गणितं, दोघांचं एकमत झालं.

वरचा २ किलोचा आकडाही कामाचा होता. तो शून्याच्या वर आहे म्हणजे दोरी ताणलेली आहे. किमान वेगापेक्षा वरचा वेग सुमारे २५ टक्के जास्त निघाला. पाणी सांडायला पुरेसं अंतर होतं.

आता कडीची परीक्षा. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून ५ किलोची लोखंडी मापं आणली, चार. तो बिचारा विचारत होता, "साहेब, रद्दी घ्यायला सुरुवात केली का?" दोन्ही बादल्या आळीपाळीनं गच्चीच्या पाइपला टांगल्या, जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे पडली तरी कुणाच्या पायावर नको. आत एक एक माप हळूच ठेवत गेलो. गुलाबी बादलीनं पहिलं माप घेतलं. दुसरं घेतलं, पण कडीची टोकं भोकांतून बाहेर ओढल्यासारखी तिरकी झाली. तिसऱ्या मापाला एक टोक टक्कन सुटलं. म्हणजे ३ किलो आरामात उचलणारी बादली १५ किलोला गेली, आणि कार्यक्रमात तिच्यावर १६ किलो पडणार होते. सांडण्याचा प्रश्न नव्हताच. पाणी वर छान टिकलं असतं आणि मग बादलीच निघून गेली असती.

कुठे गेली असती, हेही महत्त्वाचं आहे. सुटलेली वस्तू बाहेरच्या दिशेला उडते असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ज्या क्षणी सुटते, त्या क्षणी ती ज्या दिशेनं चाललेली असते त्याच दिशेनं जाते. ताण सगळ्यात जास्त तळाशी, म्हणून कडी तुटणार ती तळाशीच. आणि तळाशी बादली आडवी पुढे चाललेली असते, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सेकंदाला साडेसहा मीटर वेगानं. म्हणजे ताशी २४ किलोमीटर. कार्यक्रमात पहिल्या रांगेत सतरंजीवर कोण बसतं? चार-पाच वर्षांची पोरं. त्यांची तोंडं बरोबर त्याच उंचीला.

हे लक्षात आल्यावर तीन गोष्टी बदलल्या. पहिली, बादली स्टीलची, तिची कडी जाड तारेची आणि टोकं वाकवून आत घेतलेली. तिनं चारही मापं, म्हणजे २० किलो, रात्रभर धरली. दुसरी, प्रेक्षक समोर बसवायचे नाहीत, बाजूला बसवायचे. बादली ज्या सरळ पट्ट्यात फिरते तो पट्टा पुढे आणि मागे पूर्ण रिकामा. मागे यासाठी की वर असताना सुटली तर ती मागे जाते. योगायोगानं बाजूनंच वर्तुळ नीट दिसतं, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी. पाणी कमी केलं. अडीच लिटरऐवजी दीड लिटर. एकूण वजन ३ वरून २ किलो झालं आणि तळाची ओढ १५.७ वरून साडेदहा किलोवर आली. टांगून बघितलेल्या २० किलोच्या जेमतेम निम्मी. आणि पाण्याची पातळी ६ सेंटीमीटरवर उतरल्यानं पृष्ठभाग खांद्यापासून लांब गेला, म्हणून वर सांडण्याची शक्यताही कमी झाली. खाली फायदा वजनामुळे, वर फायदा पातळीमुळे. दोन वेगळी कारणं, उपाय एकच.

एक गोष्ट राहिली. बादली फिरताना कुणी भिजत नाही. माणूस भिजतो तो सुरुवात करताना आणि थांबताना. याचंही गणित आहे.

तळाशी वेग कमी असेल तर बादली झोक्यासारखी थोडी वर जाते आणि परत येते. ती खांद्याच्या पातळीच्या खाली असेपर्यंत दोरी नेहमी ताणलेलीच राहते, त्यामुळे काळजी नाही. तळाशी वेग पुरेसा जास्त असेल तर ती पूर्ण फेरी मारते, तेव्हाही काळजी नाही. वाईट पट्टा मधला. आमच्या त्रिज्येला, हातानं वाटेत मदत केली नाही तर, तळाचा वेग सेकंदाला साडेचार ते सव्वासात मीटरच्या मध्ये असला की बादली खांद्याच्या वर तर जाते, पण माथ्यापर्यंत पोहोचत नाही. वाटेतच दोरी सैल पडते. उदाहरणार्थ, तळाशी वेगाचा वर्ग `4gr` असेल तर खांद्याच्या पातळीच्या वर ४२ अंशांवर ताण शून्य होतो, माथा अजून लांबच. तिथून पुढे बादली वर्तुळ सोडून फेकलेल्या चेंडूसारखी जाते.

गंमत म्हणजे त्या क्षणी पाणी सांडत नाही! बादली आणि पाणी दोघंही मोकळे पडत असतात, एकत्रच. पाणी सांडतं ते थोड्या वेळानं, दोरी पुन्हा एकदम ताणली जाते आणि बादलीला हिसका बसतो तेव्हा. बादली अडते, पाणी चालत राहतं, थेट आपल्या डोक्यावर. म्हणजे भिजल्यावर आपण म्हणतो "वर वेग कमी पडला", पण वेग कमी पडला होता तळाशी, अर्ध्या सेकंदापूर्वी.

म्हणून सुरुवात अशी करायची: दोन-तीन झोके, खांद्याच्या पातळीच्या जरा खालपर्यंत, आणि मग खाली येताना एकाच जोरकस ओढीत मधला पट्टा ओलांडून थेट पूर्ण फेरी. "बघू जातंय का" असं हळूहळू वाढवत जायचं नाही. थांबताना तसंच उलट. शेवटची फेरीही पूर्ण वेगानं माथ्यावरून न्यायची, आणि बादली खाली उतरत असताना हात मागे धरून एकाच दमात वेग इतका कमी करायचा की पुढच्या बाजूला ती खांद्याच्या खालीच राहील. मग झोके आपोआप मरतात. भाचीला सुरुवात पहिल्याच प्रयत्नात जमली. थांबणं शिकायला तीन संध्याकाळी गेल्या. गच्चीवरची तुळस त्या तीन दिवसांत मस्त टवटवीत झाली :)

त्या सहापटीचा हिशोब माणसांना बसवून करून बघितल्याचं उदाहरण इतिहासात आहे. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाची लोकांना उलटं फिरवणारी गाडी सुरू झाली. तिचा लूप जवळजवळ बरोबर गोल होता. गाडीला धरायला हात नसतो, ती आपल्या वजनानंच वर जाते आणि खाली येते, म्हणजे आपला पूर्ण सहापटीचा हिशोब. माथ्यावरून माणूस पडू नये इतका वेग हवा, तर लूपच्या तळाशी त्याच्यावर निदान त्याच्या वजनाच्या सहापट भार पडणारच. सपाट रुळावरून आत शिरताक्षणी, एका झटक्यात. लूप मोठा करूनही उपयोग नाही, कारण त्रिज्या कटलेली आहे! लोकांच्या मानेला आणि पाठीला इतके हिसके बसायचे की ती गाडी फार वर्षं चालली नाही.

त्यावर टिकाऊ उपाय १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन' या रोलर कोस्टरवर आला. जर्मन इंजिनिअर वर्नर श्टेंगेलनं लूप गोल ठेवलाच नाही. पाण्याच्या थेंबासारखा आकार दिला, खाली वळण मोठ्या त्रिज्येचं आणि वर लहान त्रिज्येचं. वर त्रिज्या लहान म्हणून कमी वेगातही माणूस सीटला टेकून राहतो, आणि खाली त्रिज्या मोठी म्हणून वेग जास्त असूनही भार बेताचा राहतो. त्रिज्या कटते ती पूर्ण गोलात. वर आणि खाली ती वेगवेगळी ठेवली की कटत नाही, एवढंच त्यानं ओळखलं.

आपल्या बादलीला तसा थेंबाचा आकार देता येत नाही. दोरीची लांबी ठरलेली, वर्तुळ गोलच. म्हणून आपल्या हातात उरतं ते इतकंच: पाणी कमी, कडी मजबूत, आणि पुढे-मागे कुणी बसलेलं नाही ना, एवढं बघणं. तुमच्या घरी कुणी हा प्रयोग करणार असेल तर बादली आधी टांगा आणि पाण्यासकट जे वजन होईल त्याच्या निदान दहापट वजन तिला धरता येतंय का ते बघा. सहापट हिशोबाची, बाकी उत्साहाची.